बीपी नॉर्मल आहे, मग ॲस्पिरिन कशाला? गरोदरपणाच्या बाराव्या आठवड्यात सुरू होणाऱ्या छोट्या गोळीविषयी

तीन महिने होत आलेली गरोदर बाई तपासणी करून घरी येते. बीपी 116/74, लघवीचा रिपोर्ट स्वच्छ, सोनोग्राफीत बाळ व्यवस्थित. चिठ्ठीवर मात्र फॉलिक ॲसिडच्या खाली एक ओळ जास्तीची असते: ॲस्पिरिन 150 मिलिग्रॅम, रोज रात्री. घरातलं कुणीतरी ती चिठ्ठी वाचतं आणि म्हणतं, "अगं, ही तर रक्त पातळ करायची गोळी. हार्टवाल्यांना देतात. तुला कशाला दिली?" गोळीच्या पाकिटातला कागद उघडून बघावा, तर त्यातही गरोदरपणात टाळा असं काहीसं छापलेलं. मग गोळी ड्रॉवरमध्ये जाते. पुढच्या तपासणीला विषय निघतो तेव्हा सोळावा-सतरावा आठवडा उलटलेला असतो, आणि गोळीचा सगळ्यात कामाचा काळ हातातून गेलेला असतो.

हे इतक्या वेळा घडतं, म्हणून ही गोळी कुणाला देतात, नेमकी केव्हा सुरू करतात आणि सुरू करण्याच्या वेळेवरच एवढा भर का, हे नीट सांगायला हवं.

## आधी आजार समजून घेऊ

ज्या आजारासाठी ही गोळी देतात त्याचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. आधी बीपी नॉर्मल असलेल्या बाईचं बीपी गरोदरपणाच्या 20व्या आठवड्यानंतर 140/90 किंवा त्याहून वर जातं, काही तासांनी पुन्हा मोजलं तरी तसंच राहतं, आणि जोडीला लघवीतून प्रथिनं जायला लागतात किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट यांपैकी कशावर तरी परिणाम दिसतो. असं झालं की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. तो वाढला तर झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, वार वेळेआधी सुटू शकते. बीपीच्या गोळ्यांनी आकडा आटोक्यात ठेवता येतो, पण आजार ओसरतो तो बाळंतपण झाल्यावर, वार बाहेर आल्यावरच.

म्हणून हा आजार कितव्या आठवड्यात उद्भवतो यावर फार काही ठरतं. 39व्या आठवड्यात झाला तर कळा आणून किंवा सिझेरियन करून बाळंतपण उरकता येतं, बाळ पूर्ण दिवसांचं असतं. तोच 30व्या आठवड्यात झाला तर डॉक्टरांना आईचा जीव आणि बाळाचे अपुरे दिवस यांच्यातून वाट काढावी लागते. ॲस्पिरिनचा खरा उपयोग आहे तो या दुसऱ्या, लवकर होणाऱ्या प्रकारावर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे तो पुन्हा लागणार आहे.

## सातव्या-आठव्या महिन्यातल्या दुखण्याची मुळं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात

गर्भाशयाच्या भिंतीत वळणावळणाच्या बारीक धमन्या असतात. त्यांना सर्पिल धमन्या म्हणतात. एरवी त्या अरुंद असतात आणि त्यांच्या भिंतीत स्नायू असल्यामुळे त्या आवळतात, सैल पडतात. बाळ वाढवायचं तर एवढ्या रक्तावर भागत नाही. म्हणून पहिल्या काही महिन्यांत वारेच्या पेशी या धमन्यांमध्ये शिरतात, त्यांच्या भिंतीतला स्नायू काढून टाकतात आणि त्यांची तोंडं कित्येक पटींनी रुंद करतात. ही रुंदीकरणाची कामगिरी पहिल्या तिमाहीत सुरू होते आणि साधारण 20व्या आठवड्यापर्यंत आटोपते.

पाण्याच्या नळीचं तोंड मोकळं असलं की पाणी शांतपणे, भरपूर वाहतं आणि वाफ्यात मुरतं. तेच तोंड अंगठ्याने दाबलं की पिचकारी उडते. पाण्याला जोर येतो, पण पाणी कमी पोचतं आणि जिथे आदळतं तिथली माती उखडते. धमन्यांचं रुंदीकरण अर्धवट राहिलं की वारेचं नेमकं हेच होतं. रक्त कमी मिळतं, आणि मिळतं ते आदळत मिळतं. अशी उपाशी, दुखावलेली वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडते. ती आईच्या शरीरभरच्या रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर बिघडवतात. वाहिन्या आवळतात, बीपी चढतं, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात.

म्हणजे बीपी वाढतं 28व्या किंवा 32व्या आठवड्यात, पण बिघाड झालेला असतो कितीतरी आधी. "बीपी वाढलं की गोळी घेऊ" हा विचार इथे लागू पडत नाही, तो यासाठी. ॲस्पिरिन बीपी उतरवत नाही. प्रीएक्लॅम्प्सिया एकदा झाल्यावर तिचा उपचार म्हणून उपयोग नाही.

## इतकीशी गोळी करते काय?

रक्तातल्या प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचा पदार्थ बनवतात. तो प्लेटलेटना एकमेकींना चिकटायला लावतो आणि वाहिन्या आवळतो. वाहिन्यांचं अस्तर प्रोस्टासायक्लिन बनवतं, ते याच्या बरोबर उलट काम करतं. प्रीएक्लॅम्प्सियात हा तोल थ्रॉम्बॉक्सेनच्या बाजूला झुकलेला असतो.

ॲस्पिरिन हे दोन्ही पदार्थ बनवणारी यंत्रणा बंद पाडतं. मग तोल सुधारतो कसा? इथेच कमी मात्रेची खुबी आहे. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे तिची यंत्रणा एकदा बंद पडली की ती नवी बनवू शकत नाही; सात ते दहा दिवसांचं तिचं उरलेलं आयुष्य तसंच जातं. अस्तराच्या पेशींना मात्र केंद्रक असतं, त्या काही तासांत यंत्रणा पुन्हा उभी करतात. शिवाय आतड्यातून शोषलेलं ॲस्पिरिन आधी यकृताकडे जाणाऱ्या रक्तात येतं. तिथून जाणाऱ्या प्लेटलेटना ते गाठतं आणि पुढे यकृतात त्याचा बराचसा भाग मोडला जातो. अस्तरापर्यंत फारसं पोचतच नाही. मोठ्या मात्रेत हा फायदा हरवतो, म्हणून "थोडी जास्त घेतली तर जास्त गुण येईल" हा हिशेब इथे चुकीचा आहे.

गोळी रोज का, याचं उत्तरही यातच आहे. शरीर दररोज साधारण दहाव्या हिश्शाएवढ्या नव्या प्लेटलेट तयार करतं. चार दिवस गोळी चुकली की रक्तात पुन्हा थ्रॉम्बॉक्सेन बनवणाऱ्या प्लेटलेटची चांगलीच भर पडलेली असते.

वारेच्या बाबतीत ही सगळी साखळी संशोधकांनी अजून पूर्ण उलगडलेली नाही. वारेच्या पेशींवरही ॲस्पिरिनचा थेट परिणाम होत असावा असं मानलं जातं. पण गुण येतो का, याचं उत्तर प्रयोगांनी दिलेलं आहे.

## आकडे काय सांगतात

1994 साली क्लास्प नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 9 हजारांहून जास्त बायका होत्या. रोज 60 मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिलं, पण सुरुवात 12व्यापासून थेट 32व्या आठवड्यापर्यंत केव्हाही. फायदा इतका थोडा दिसला की तो योगायोगही असू शकला असता. तेव्हापासून बरीच वर्षं या गोळीकडे डॉक्टर साशंकतेने बघत होते.

2017 साली ॲस्प्रे या चाचणीने चित्र बदललं. युरोप आणि इस्रायलमधल्या 13 रुग्णालयांत, 11 ते 14 आठवड्यांच्या तपासणीत ज्यांचा धोका जास्त निघाला अशा 1,776 बायका निवडल्या. निम्म्यांना 150 मिलिग्रॅम ॲस्पिरिन आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पोकळ गोळी, रोज रात्री, 36व्या आठवड्यापर्यंत. 37 आठवड्यांच्या आत बाळंतपण करावं लागेल असा प्रीएक्लॅम्प्सिया पोकळ गोळीवाल्यांत 4.3 टक्के बायकांना झाला, ॲस्पिरिनवाल्यांत 1.6 टक्के. धोक्यातल्या हजार बायका धरल्या तर 43 ऐवजी 16. दुसऱ्या बाजूने बघायचं तर एका बाईचा लवकरचा प्रीएक्लॅम्प्सिया टळावा म्हणून साधारण 37 जणींना गोळी द्यावी लागते.

याच चाचणीतली दुसरी बाजू अनेकदा सांगायची राहून जाते. 37 आठवडे भरल्यावर होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक दिसला नाही. याचा एक पटण्यासारखा अर्थ असा लावतात की गोळी आजाराला पुढे ढकलते. जिला 38व्या आठवड्यात झाला असता, तिचं त्याआधीच बाळंतपण होऊन जातं. जिला 31व्या आठवड्यात झाला असता, तिला तो 37व्यात होतो. पुस्तकी हिशेबात हा "आजार झालाच" असा मोजला जाईल, पण त्या बाळासाठी सहा आठवड्यांचा फरक म्हणजे फुप्फुसं तयार असण्या-नसण्याचा फरक आहे.

## गोळी कुणाला देतात?

सगळ्या गरोदर बायकांना नाही. धोका जोखून देतात, आणि तो जोखायच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत प्रश्न विचारण्याची. काही गोष्टी अशा आहेत की त्यातली एक असली तरी पुरे: आधीच्या गरोदरपणात प्रीएक्लॅम्प्सिया झालेला असणं, गरोदरपणाआधीपासूनचं बीपी, गरोदरपणाआधीपासूनचा मधुमेह, मूत्रपिंडाचा जुना आजार, किंवा ल्युपस, अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम असे शरीराने स्वतःवरच उलटण्याचे आजार. अमेरिकेतल्या यादीत जुळी-तिळीही इथेच येतात. गरोदरपणातच निघालेला मधुमेह यात धरत नाहीत. तो निघेपर्यंत बहुधा गोळी सुरू करायची वेळ टळलेलीही असते.

दुसऱ्या पायरीवरच्या गोष्टी एकेकट्या सौम्य, पण दोन जमल्या की गोळी सुचवावी अशा: पहिलंच गरोदरपण, जास्त वय, जास्त वजन, आई किंवा सख्ख्या बहिणीला प्रीएक्लॅम्प्सिया झालेला असणं, आधीच्या बाळंतपणाला दहा वर्षांहून जास्त काळ लोटणं. गर्भधारणा टेस्ट ट्यूब पद्धतीने झालेली असणं हेही अमेरिकेत मोजतात.

याद्या देशागणिक थोड्या वेगळ्या आहेत, आणि त्यामुळेच एका डॉक्टरने दिलेली गोळी दुसऱ्याला अनावश्यक वाटू शकते. उदाहरणार्थ, 36 वर्षांची बाई, पहिलं गरोदरपण, उंची 158 सेंटिमीटर, वजन 78 किलो. तिचा बीएमआय, म्हणजे वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, येतो 31. अमेरिकेच्या यादीत वय 35 च्या पुढे आणि बीएमआय 30 च्या वर मोजतात. पहिलं गरोदरपण धरून तिचे तीन मुद्दे झाले, गोळी द्यायला हवी. ब्रिटनच्या यादीत वय 40 पासून आणि बीएमआय 35 पासून मोजतात, तिथे तिचा पहिलं गरोदरपण हा एकच मुद्दा उरतो आणि गोळी बसत नाही. तिच्या बहिणीला प्रीएक्लॅम्प्सिया झाला होता असं कळलं की मात्र दोन्ही याद्यांत बसते. बहिणीचा प्रश्न विचारलाच गेला नाही, तर हे कळणारच नाही. अशा बाईच्या बाबतीत डॉक्टरांनी गोळी सुचवली तर ती घ्यावी, असं आमचं मत आहे. फायदा किती होईल हे नक्की सांगता येत नसलं, तरी तोटा फार थोडा आहे.

दुसरी पद्धत मोजमापाची. 11 ते 14 आठवड्यांत, बाळाच्या मानेमागची जाडी बघणाऱ्या सोनोग्राफीच्या वेळीच, दोन्ही दंडांवर बीपी मोजतात, गर्भाशयाच्या धमन्यांमधला रक्तप्रवाहाचा अडथळा डॉप्लरने बघतात आणि आईच्या रक्तात वारेतून येणारं पीएलजीएफ हे प्रथिन मोजतात. हे सगळं बाईच्या पूर्वेतिहासाशी जोडून संगणक धोका काढतो. प्रसूतितज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना फिगो हीच पद्धत सुचवते, आणि धोका शंभरात एक किंवा त्याहून जास्त आला तर गोळी. ही पद्धत जास्त अचूक आहे, पण तिच्यासाठी शिकलेले हात आणि ती रक्ततपासणी लागते. जिथे ते नाही तिथे प्रश्नांची यादी नीट विचारणं हाच उत्तम मार्ग, आणि त्याला पाच मिनिटं पुरतात.

## तारखा लावून बघू

31 वर्षांची बाई, दुसऱ्यांदा गरोदर. पहिल्या वेळी 33व्या आठवड्यात बीपी 162/108 झालं, लघवीत प्रथिनं सापडली आणि चार दिवसांत सिझेरियन करावं लागलं. आता बीपी 116/74 आहे. शेवटच्या पाळीचा पहिला दिवस 4 जानेवारी.

तिला पुढचं काही मोजायची गरजच नाही. पहिल्या वेळचा प्रीएक्लॅम्प्सिया हा एकच मुद्दा पुरेसा आहे. शिवाय पहिल्या वेळी तो जितका लवकर झालेला असतो, तितकी तो पुन्हा होण्याची शक्यता जास्त. ती 8 मार्चला, म्हणजे 9 आठवडे भरल्यावर पहिल्यांदा दाखवायला आली, तर त्याच भेटीत गोळीचं ठरवून टाकावं. 12 आठवडे भरतात 29 मार्चला. त्या रात्रीपासून गोळी. 16 आठवडे भरतात 26 एप्रिलला. म्हणजे सुरुवात करायला चांगला असा काळ तिच्या हातात फक्त 28 दिवसांचा आहे. पुढची तपासणी महिन्याने ठेवली आणि "तेव्हा बघू" म्हटलं, तर एक भेट हुकण्याएवढंच अंतर त्यात आहे.

तारखा शेवटच्या पाळीवरून मोजल्या, पण पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरूनच मोजाव्यात. सोनोग्राफीने बाळ दहा दिवसांनी लहान आहे असं सांगितलं, तर 12 आठवडे 29 मार्चला न भरता 8 एप्रिलला भरतील. "तिसरा महिना लागला" या घरगुती मोजणीवर ही गोळी सोडू नये. महिन्यांच्या मोजणीत दोन-तीन आठवडे सहज इकडचे तिकडे होतात, आणि इथे सगळा खेळ चार आठवड्यांचा आहे.

36 आठवडे भरतात 13 सप्टेंबरला. 29 मार्चपासून तिथपर्यंत 168 रात्री होतात. ॲस्प्रेमध्ये ज्या बायकांनी 90 टक्के किंवा त्याहून जास्त गोळ्या घेतल्या त्यांना इतरांपेक्षा कितीतरी जास्त फायदा झाला. 168 रात्रींचे 90 टक्के म्हणजे साडेपाच महिन्यांत 16 चुका चालतील, त्याहून जास्त नाहीत. आठवड्याला एक गोळी चुकली तरी ही मर्यादा ओलांडली जाते. कॅलेंडरवर रोज टिंब करणं, गोळी दात घासायच्या ब्रशजवळ ठेवणं, अशा साध्या युक्त्यांचं मोल इथे मोठं आहे.

## मात्रा, वेळ आणि घ्यायची पद्धत

जागतिक आरोग्य संघटनेने 75 मिलिग्रॅम सुचवलं आहे, अमेरिकेत 81, ब्रिटनमध्ये 75 ते 150, फिगोने 150 च्या आसपास. एवढे वेगवेगळे आकडे बघून गोंधळायला होतं. त्यातला थोडा भाग तिथे कोणत्या आकाराची गोळी मिळते यावर ठरलेला आहे. एकत्र केलेल्या अभ्यासांवरून असं दिसतं की लवकरचा प्रीएक्लॅम्प्सिया टाळायचा तर मात्रा 100 च्या वर असलेली बरी. 40 किलोहून कमी वजनाच्या बाईला फिगो 100 मिलिग्रॅम सांगते. डॉक्टरांनी 75 च्या दोन गोळ्या लिहिल्या असतील तर त्या दोन्ही एकाच वेळी घ्यायच्या असतात, सकाळ-संध्याकाळ वाटून नाही.

रात्री घ्यायचं कारण म्हणजे झोपताना घेतल्यास परिणाम जास्त चांगला मिळतो असं काही अभ्यासांत दिसलं, आणि ॲस्प्रेमध्येही रात्रीच दिली होती. पण रात्री उलट्या होत असतील आणि सकाळी गोळी पोटात टिकत असेल, तर सकाळची गोळी न घेतलेल्या गोळीपेक्षा केव्हाही चांगली. पोटात जळजळत असेल तर जेवणानंतर घ्यावी. आवरण असलेली गोळी तोडू किंवा चावू नये, ते आवरण जठराच्या बचावासाठी असतं. दुखण्यासाठी मिळणारी 300 किंवा 325 मिलिग्रॅमची गोळी अदमासाने तोडून घेणं हे या गोळीला पर्याय नाही. एखादी रात्र चुकली तर ती सोडून द्यावी, दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

अंग किंवा डोकं दुखलं म्हणून स्वतःच्या मनाने आयबुप्रोफेन घेऊ नये. ते गरोदरपणात, विशेषतः 20 आठवड्यांनंतर, बाळालाही धोक्याचं आहे आणि प्लेटलेटवर ॲस्पिरिनची जागा अडवून त्याचं कामही बिघडवतं. पॅरासिटामॉल चालतं.

## "पण पाकिटावर तर गरोदरपणात नको म्हणून लिहिलंय!"

तो इशारा दुखण्यावरच्या मात्रेसाठी आहे: 300 ते 600 मिलिग्रॅम, दिवसातून अनेकदा. शेवटच्या महिन्यांत अशा मात्रेने बाळाच्या हृदयाजवळची, जन्मानंतर बंद व्हायची रक्तवाहिनी आधीच आकसू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2020 साली 20 आठवड्यांनंतर या गटातली वेदनाशामकं टाळा असा इशारा दिला, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेलं 81 मिलिग्रॅमचं ॲस्पिरिन त्यातून स्पष्टपणे वगळलं होतं.

## "रक्तस्राव होणार नाही का?"

ही शंका रास्त आहे, तिला उडवून लावू नये. मोठ्या नियंत्रित चाचण्यांमध्ये आई किंवा बाळाला घातक रक्तस्राव वाढल्याचं दिसलं नाही. स्वीडनमधल्या नोंदींच्या एका मोठ्या अभ्यासात मात्र ॲस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये बाळंतपणानंतरचा रक्तस्राव काहीसा जास्त आढळला: जवळपास 10 टक्के, न घेणाऱ्यांत 8 टक्क्यांच्या आत. ज्या बाईचा लवकरच्या प्रीएक्लॅम्प्सियाचा धोका जास्त आहे तिच्यासाठी हे पारडं गोळीच्याच बाजूला झुकतं. जिचा धोका नगण्य आहे तिच्यासाठी तसं म्हणता येत नाही, आणि सरसकट सगळ्यांना गोळी न देण्याचं हे एक मोठं कारण आहे.

सिझेरियनसाठी पाठीत इंजेक्शन देऊन भूल द्यायची असेल तर एवढ्या ॲस्पिरिनमुळे ती अडत नाही. पण गोळी चालू आहे हे भूलतज्ज्ञांना सांगायलाच हवं. गरोदरपणात मध्येच रक्ताचा डाग दिसला तर आपल्या मनाने गोळी कायमची बंद करू नये. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं आणि पुढचं त्यांनी ठरवावं.

काही जणींनी ही गोळी घेऊच नये: ॲस्पिरिनची ॲलर्जी असलेल्यांनी, ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकाने दमा उसळतो अशांनी, जठरात चालू अल्सर किंवा रक्तस्राव असलेल्यांनी, रक्त न गोठण्याचा आजार असलेल्यांनी. नुसता दमा आहे, पण वेदनाशामकांनी कधी त्रास झाला नाही, अशा बाईला बहुधा चालते. यातलं काहीही असेल तर चिठ्ठी लिहिली जाण्याआधीच सांगावं.

## "माझे 16 आठवडे होऊन गेले, आता काय?"

16 आठवडे झाले म्हणून दार बंद झालं असं नाही. अमेरिकेच्या सूचनेत 28 आठवड्यांपर्यंत सुरू करायला मुभा आहे, फक्त 16 च्या आत सुरू केलेलं उत्तम असं म्हटलं आहे. अनेक चाचण्यांमधल्या बायकांची एकेक नोंद एकत्र करून पाहिलेल्या एका विश्लेषणात 16 च्या आधी आणि नंतर सुरू केलेल्यांत स्पष्ट फरक दिसलाही नव्हता. तरीही धमन्यांचं काम साधारण केव्हा आटोपतं हे माहीत असताना मुद्दाम थांबण्यात काहीच शहाणपण नाही. 18व्या आठवड्यात लक्षात आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. उलट टोकाला, पाळी चुकल्याबरोबर याच कारणासाठी सुरू करण्याला तितका आधार नाही. अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमसारख्या आजारात ॲस्पिरिन लवकर सुरू करतात, पण त्याचं कारण वेगळं असतं.

## बंद केव्हा करायची?

फिगो 36 आठवड्यांना थांबवा म्हणते, अमेरिकेत बाळंतपणापर्यंत चालू ठेवतात. 36 ला थांबवण्यामागे दोन विचार आहेत. पूर्ण दिवसांच्या प्रीएक्लॅम्प्सियावर तिचा फारसा परिणाम दिसत नाही, आणि बाळंतपणाच्या वेळेपर्यंत बऱ्याच प्लेटलेट नव्या झालेल्या असतात. आपल्या डॉक्टरांनी कोणती तारीख धरली आहे ते पहिल्याच दिवशी विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावं. म्हणजे मध्ये दुसऱ्या कुणी सांगितलं म्हणून 28व्या आठवड्यात गोळी बंद पडणार नाही.

## गोळी चालू असतानाही बीपी मोजायचंच

हजारातल्या 43 चे 16 झाले, शून्य नाही. गोळी नियमित घेणाऱ्या बाईलाही प्रीएक्लॅम्प्सिया होऊ शकतो, आणि गोळी चालू आहे म्हणून तपासण्या लांबवल्या तर तो उशिरा कळतो. 20 आठवड्यांनंतर प्रत्येक भेटीत बीपी आणि लघवी तपासली गेली पाहिजे. वर सांगितलेल्या 31 वर्षांच्या बाईने तर घरीही मोजावं: पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, दंड हृदयाच्या उंचीला, आणि पट्टा दंडाच्या मापाचा. 140/90 किंवा वर आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. 160/110 आलं तर वाट न बघता रुग्णालय गाठायचं. बीपी न मोजताही धावावं अशी लक्षणं म्हणजे पॅरासिटामॉलने न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे काजवे किंवा धूसर दिसणं, उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खड्ड्यात दुखणं, धाप लागणं, आणि एक-दोन दिवसांत चेहरा व हात एकदम सुजणं.